वाक्याच्या शेवटचा ‘न्हवतो’

पाटण तालुक्यातल्या एका गावात मी एका आजींकडे कोयनेच्या भूकंपाची आठवण रेकॉर्ड करायला गेले होते. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट. आजी तेव्हा लग्न होऊन नुकत्याच त्या घरात आल्या होत्या. दीड तास बोलल्या, चहा झाला, मी खुशीत परतले. घरी येऊन ऐकायला बसले, तर सुरुवातीलाच एक वाक्य असं होतं: “त्या राती आमी घरात झोपलोच.” आणि लगेच पुढचं वाक्य. मी समोर बसून ऐकलेलं मला पक्कं आठवत होतं. आजी “झोपलोच न्हवतो” म्हणाल्या होत्या. ‘न्हवतो’ अगदी हळू आवाजात, पदराशी चाळा करत, आणि मग गप्प. तो शब्दही गेला होता आणि ती शांतताही.

दोष शोधायला दोन दिवस लागले. फोनमधल्या रेकॉर्डरला शांतता गाळून टाकण्याची एक सोय होती आणि ती चालू होती. आवाज एका ठराविक पातळीच्या खाली गेला की असा रेकॉर्डर थांबतो आणि पुन्हा वर आला की सुरू होतो. बैठकीचं टिपण काढणाऱ्याला ही सोय बरी वाटेल. पण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच येतो. म्हातारं माणूस गोष्ट सांगताना नेमका तिथेच श्वास सोडतं. म्हणजे ज्या शब्दावर वाक्याचा अर्थ उलटतो, तोच सगळ्यांत हळू उच्चारला जातो, आणि यंत्राला तो शांततेसारखा वाटतो.

तेव्हापासून मी कोणतंही रेकॉर्डर ॲप एकाच कसोटीवर तपासते. हळू बोललेला शेवटचा शब्द ते जसाच्या तसा माझ्या हाती देतं का? गावातल्या, वाड्यावरच्या, गल्लीतल्या गोष्टींचा पॉडकास्ट पहिल्यांदा करू पाहणाऱ्याला हीच कसोटी सगळ्यांत उपयोगी पडेल असं मला वाटतं. ॲपच्या दुकानात शेकड्याने रेकॉर्डर आहेत. प्रत्येकाची जाहिरात आवाज स्वच्छ करण्याची असते, आपल्याला मात्र आवाजाला हात न लावणारं ॲप हवं असतं. स्वच्छता नंतर करता येते. रेकॉर्ड होतानाच जे गळून गेलं, ते परत आणता येत नाही.

सुरुवात खिशातल्या फोनपासून करू. आयफोनमधला व्हॉइस मेमोज हा रेकॉर्डर साधा आणि भरवशाचा आहे. त्याच्या सेटिंगमध्ये Audio Quality या नावाखाली Compressed आणि Lossless असे दोन पर्याय असतात, आणि मुळात पहिला निवडलेला असतो. गोष्टी रेकॉर्ड करण्याआधी दुसरा निवडावा. फाइल मोठी होते, पण आवाजातलं काही टाकलं जात नाही. याच ॲपमध्ये Skip Silence आणि Enhance Recording असे दोन खटके आहेत. ते रेकॉर्ड झाल्यानंतर ऐकताना वापरायचे आहेत आणि चालू-बंद करता येतात, म्हणून धोक्याचे नाहीत. तरी नवख्याने ते बंदच ठेवावेत. मूळ आवाज कसा आला आहे हे कानाला आधी कळलं पाहिजे.

सॅमसंगच्या फोनवर येणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये साध्या पद्धतीशिवाय मुलाखतीसाठी वेगळी पद्धत असते. त्यात फोनच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही मायक्रोफोन वापरले जातात. फोन दोन माणसांच्या मध्ये आडवा ठेवला, एक टोक आजींकडे आणि दुसरं आपल्याकडे केलं, की दोघांचे आवाज बऱ्यापैकी सारखे येतात. गुगलच्या पिक्सल फोनवरचा रेकॉर्डरही चांगला आहे, पण तो त्याच फोनवर मिळतो. बाकीच्या अँड्रॉइड फोनांवर जो रेकॉर्डर आधीच बसवलेला येतो, तो कंपनीगणिक वेगळा असतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दोनच गोष्टी बघायच्या: शांतता गाळण्याची सोय बंद आहे ना, आणि फाइल कोणत्या प्रकारात साठते.

फाइलच्या प्रकाराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण जुन्या फोनांवर इथेच घात होतो. काही रेकॉर्डर अजूनही .amr किंवा .3gp अशी फाइल बनवू देतात. ती टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी आहे. तिच्यात सेकंदाला साधारण 8000 नमुने घेतले जातात, म्हणजे 4000 हर्ट्झच्या वरचा आवाज तिच्यात शिल्लकच राहत नाही. ‘स’, ‘श’ आणि ‘च’चा फुत्कार मोठ्या प्रमाणात त्याच्याही वर असतो. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च आपण कानाने वेगळे ओळखतो, ते या वरच्या सुरसुरीमुळे. ती गेली की बोलणं समजतं, पण बोली पुसट होते. गावागावांतला फरक ऐकवण्यासाठी आपण हे काम हाती घेतो आणि नेमका तोच पहिल्यांदा जातो.

शक्य असेल तिथे .wav निवडावी: 44,100 नमुने, 16 बिट, मोनो. अशा फाइलला मिनिटाला सव्वापाच एमबीच्या आसपास जागा लागते, तासाला सव्वातीनशे एमबी धरा. आजच्या फोनला हे फार नाही. .m4a ही दाबलेली फाइल 128 केबीपीएसवर तासाला साठ एमबीच्या आत बसते आणि बोलण्यासाठी तीही चालते. फोनमध्ये जागा कमी असेल तर .m4a घ्या, मनाला लावून घेऊ नका. .amr मात्र नको.

आपल्या फोनचा रेकॉर्डर यातलं काहीच निवडू देत नसेल, तर बाहेरून घेण्यासारखी दोन ॲप मी नाव घेऊन सांगेन. एक इझी व्हॉइस रेकॉर्डर. फुकटच्या आवृत्तीतही ते .wav आणि .m4a दोन्ही देतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मायक्रोफोनचा आवाज कसा घ्यायचा हे ते ठरवू देतं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फोनचा मायक्रोफोन मुळात फोनवर बोलण्यासाठी आहे. म्हणून फोन मागचा आवाज दाबतो, हळू बोललं की पातळी वर ओढतो, मोठ्याने बोललं की खाली ढकलतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये माणूस गप्प झाला की मागचा पंखा हळूहळू फुगत येतो आणि तो बोलायला लागला की एकदम बसतो. एकदा कानाला हे कळलं की नंतर लगेच ओळखू येतं. या ॲपमध्ये आवाज शक्य तितका कच्चा घेण्याचा पर्याय आहे, तो निवडायचा. दुसरं एएसआर व्हॉइस रेकॉर्डर. त्यातही फाइलचे अनेक प्रकार मिळतात आणि पातळी हाताने कमी-जास्त करता येते. दोन्हींतलं कोणतंही चालेल. मी पहिलं वापरते, कारण त्याचा पडदा साधा आहे आणि समोरच्या माणसाकडे बघत असताना मला बटणं शोधावी लागत नाहीत.

व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायला सांगून गोष्टी गोळा करणारे अनेक जण आहेत. परदेशातला नातू आजीकडून असंच मागवतो, आणि दुसरा मार्गच नसेल तर तेही करावं. पण तो निरोप कमी डेटात पोचावा म्हणून व्हॉट्सॲप आवाज खूप दाबून पाठवतं. त्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी आजीच्या फोनवर रेकॉर्डरने रेकॉर्ड करायला सांगावं आणि ती फाइल व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी. तशी पाठवली की ती जशी आहे तशी पोचते.

एक सावधगिरी सगळंच करून देणाऱ्या ॲपबद्दल. रेकॉर्ड करणं, जोडणं आणि प्रसिद्ध करणं हे सगळं एकाच जागी देणारी ॲप नवख्याला मोहात पाडतात. अँकर हे त्यांतलं सर्वांत लोकप्रिय होतं. 2019 मध्ये स्पॉटिफायने ते विकत घेतलं, पुढे दोनदा नाव बदललं, आणि ॲपमध्येच रेकॉर्ड करून जोडण्याची जुनी साधनं 2024 मध्ये काढून टाकली. त्याच वर्षी गुगल पॉडकास्ट्स ही ऐकण्याची सेवाही बंद झाली. पॉडकास्ट कुठेही चढवा, पण मूळ फाइल आपल्याकडे दोन ठिकाणी राहील अशीच सोय करावी. एक संगणकावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर किंवा ड्राइव्हवर.

आता त्या आजींकडे परत जाऊ. मी दुसऱ्यांदा गेले. तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावणं बरं वाटत नव्हतं, आणि माणूस दुसऱ्यांदा सांगताना आटोपतं घेतं हेही खरं. पण या वेळी तयारीने गेले होते.

फोन विमान-मोडवर टाकला, कारण रेकॉर्ड होताना कॉल आला की बरेच रेकॉर्डर थांबतात आणि पुन्हा आपोआप सुरू होतीलच असं नाही. फोनच्या बॅटरी-सेटिंगमध्ये रेकॉर्डरवरचं बंधन काढलं. अनेक अँड्रॉइड फोन पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला मागचं ॲपच मारून टाकतात आणि चाळीस मिनिटांच्या बोलण्यातली पहिली सातच हाती लागतात. घरातली जागाही बदलली. पहिल्या वेळी आम्ही पुढच्या नव्या खोलीत बसलो होतो. वर पत्रा, खाली फरशी, भिंती गुळगुळीत. तिथे आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो, आणि घुमणं नंतर कोणत्याही साध्या ॲपने निघत नाही. या वेळी आतल्या जुन्या खोलीत बसलो. सारवलेली जमीन, वर कौलं, दांडीवर गोधड्या. गोधडीसारखं घुमणं शोषणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पंखा बंद केला. शेजारच्या खोलीतला फ्रीज, आजींच्या सुनेला विचारून, तासभर बंद ठेवला. माझ्या गाडीची किल्ली मी त्या फ्रीजवर ठेवली, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय मला निघताच येणार नाही.

फोन एका पाटावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला आणि पाट आजींच्या समोर, तोंडापासून जेमतेम दीड वितीवर. अंतराचा हिशेब सोपा आहे: ते दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते, पण खोलीतला घुमणारा आवाज आणि बाहेरच्या कोंबड्या आहेत तिथेच राहतात. म्हणजे फोन वीतभर अंतरावरून चार वितींवर गेला की 12 डेसिबल गेले, आणि ते नंतर वाढवायला गेलं की कोंबड्याही तेवढ्याच वाढतात. कोणत्याही ॲपने जेवढा फरक पडत नाही, तेवढा फोन पुढे सरकवल्याने पडतो. कॉलरला लावायचा तारेचा छोटा मायक्रोफोन असेल तर उत्तमच. पण पदराला लावला तर कापडाची घासाघीस येते, म्हणून नऊवारीवर तो शक्यतो काठाच्या कडक भागाला लावावा. मी त्या दिवशी लावला नाही. पहिल्या भेटीत आजी त्या तारेकडेच बघत बसल्या होत्या.

रेकॉर्ड सुरू केल्यावर आधी अर्धा मिनिट आम्ही दोघी गप्प बसलो. आजींना सांगितलं, “आजी, घर कसं वाजतंय ते जरा ऐकू या.” त्या हसल्या आणि खरंच ऐकत बसल्या. त्या तीस सेकंदांचा उपयोग पुढे दोन ठिकाणी होतो. मग पडद्यावरची पातळी बघितली. आजी नेहमीच्या आवाजात बोलताना रेष उणे 12 च्या आसपास खेळावी, जोरात हसल्या तरी शून्याला टेकू नये. शून्याला टेकलेला आवाज वरून सपाट कापला जातो आणि चरचरतो, तो दुरुस्त होत नाही. पातळी कमी आली तर नंतर वाढवता येते. शंका असेल तेव्हा कमी ठेवावी. त्यानंतर आजींची परवानगी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड केली: ही गोष्ट लोकांना ऐकवू का, नाव सांगू का. नाव नको म्हणाल्या.

38 मिनिटं झाली. फाइल 200 एमबीच्या आसपास.

काटछाट फोनवर करावी की संगणकावर, हा प्रश्न नवखे सगळ्यांत आधी विचारतात. संगणक नसेल तर फोनवर करता येते, आणि चांगली करता येते. अँड्रॉइडवर लेक्सिस ऑडिओ एडिटर हे ॲप या कामाला पुरतं. आवाजाची लाट दिसते, बोटाने भाग निवडायचा, कापायचा, दुसरीकडे डकवायचा, शेवट हळूहळू मिटवायचा. फुकटच्या आवृत्तीत .wav साठवता येते; .mp3 हवी असेल तर पैसे भरावे लागतात. त्याची मर्यादा ही की ते मूळ फाइलवरच काम करतं. पहिली गोष्ट म्हणून फाइल नव्या नावाने साठवावी, नाहीतर कापलेलं कापलेलंच. निवेदन, आजींचा आवाज आणि मागे वाजणारा एखादा आवाज असे थर एकावर एक हवे असतील तर वेव्हएडिटर बघावं. आयफोन किंवा आयपॅड असेल तर फेराइट हे ॲप बोलण्याच्या कामासाठीच बनवलेलं आहे आणि आयपॅडवर बोटांनी काम करायला मला ते सगळ्यांत सुखाचं वाटलं.

गॅरेजबँडही आयफोनवर फुकट मिळतं, पण ते गाण्यासाठी आहे. नवं काम उघडलं की त्यात आठ मात्राखंडांचाच तुकडा असतो, म्हणून रेकॉर्ड करायला घेतलं की 17-18 सेकंदांत थांबतं आणि माणूस गोंधळतो. वरच्या कोपऱ्यातल्या अधिक-चिन्हातून Section A उघडून Automatic हा खटका चालू करावा लागतो, शिवाय ठोके देणारा मेट्रोनोमही बंद करावा लागतो. हे दोन ठाऊक असले की मग ते उत्तम चालतं.

तरी संगणक मिळत असेल, जुना का असेना, तर मी ऑडॅसिटीच सांगेन. 2000 सालापासून ते फुकट आणि खुलं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि अडलं तर विचारायला माणसं मिळतात. एक अडचण मात्र हमखास येते. विंडोजवर .m4a फाइल उघडायला गेलं की ते नकार देतं, कारण त्यासाठी FFmpeg नावाचा वेगळा भाग बसवावा लागतो. आपली फाइल बिघडली असं समजून अनेकजण इथेच सोडून देतात. .wav रेकॉर्ड केलेली असेल तर हा प्रश्न येतच नाही.

आजींची फाइल ऑडॅसिटीत घेतली आणि सगळ्यात आधी प्रकल्प .aup3 म्हणून साठवला. मग काहीही न कापता एकदा पूर्ण ऐकलं. ऐकताना Ctrl+M दाबलं की त्या जागी खूण पडते आणि तिला नाव देता येतं. मी मराठीतच लिहिते: “भांडी पडली”, “सासू ओरडली”, “इथे खोकला”, “म्हैस, लांबण”. 38 मिनिटांत सतरा खुणा झाल्या. कागदावर त्यांचा क्रम लावला आणि मगच कात्री हातात घेतली.

कापण्याची जागा शब्दांच्या मध्ये शोधायची नसते, श्वासाच्या आधी शोधायची असते. आजी श्वास घेऊन बोलायला लागतात. तो श्वास पुढच्या वाक्याचाच भाग आहे. श्वास ठेवून कापलं की जोड कळत नाही. श्वास कापला तर माणूस पाण्यातून डोकं वर काढून बोलल्यासारखं वाटतं. निवड केल्यावर Z ही कळ दाबली की निवडीच्या कडा लाट शून्यावर असलेल्या जागी सरकतात आणि जोडावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. दोन प्रसंगांमध्ये थोडा थांबा हवा असेल, तर तिथे कोरी शांतता घालायची नाही. कोरी शांतता कानाला खड्ड्यासारखी लागते, ऐकणाऱ्याला वाटतं फोनच बंद पडला. तिथे सुरुवातीच्या त्या तीस सेकंदांतला तुकडा घालायचा, घराचा आवाज. ऑडॅसिटीतही Truncate Silence नावाची, सगळे थांबे एका झटक्यात आखडणारी सोय आहे. मी ती या कामात वापरत नाही. “सासूबाई दारात हुत्या”, आणि मग चार सेकंदांचा थांबा. तो थांबा गोष्टीतला आहे.

आता ज्या बटणापाशी सगळ्यांत जास्त नुकसान होतं, तिकडे येऊ. Noise Reduction. हे कसं चालतं ते कळलं की त्याची मर्यादाही कळते. आधी फक्त मागचा आवाज असलेला भाग निवडून Get Noise Profile दाबायचं. इथे ते तीस सेकंद दुसऱ्यांदा उपयोगी पडतात. त्यावरून ऑडॅसिटी प्रत्येक सुराच्या पट्ट्यात मागचा आवाज किती आहे हे शिकते. नंतर पूर्ण फाइल निवडून तेच उघडायचं. मग कोणत्याही पट्ट्यात आवाज त्या पातळीच्या जवळ असेल तिथे ती तो आणखी खाली दाबते. पंखा किंवा मोटर अशा एकसारख्या आवाजावर हे चालतं. कोंबड्या, ट्रॅक्टर, बाहेरची मुलं यांवर चालत नाही, कारण ते बदलत राहतात.

आणि ‘न्हवतो’वर चालतं! हळू शब्दांची पातळी मागच्या आवाजाच्या जवळच असते. ‘ह’, ‘भ’, ‘स’ यांतला श्वासाचा भाग पंख्याच्या सुरसुरीसारखाच पसरट असतो. म्हणून जोर वाढवला की आधी तेच जातात. मग उरलेल्या आवाजात पाण्याखाली घंटा वाजल्यासारखे बारीक ठिपके ऐकू येतात. असं झालं की समजावं, जास्त झालं.

हे ओळखायची फार चांगली सोय याच खिडकीत आहे आणि बहुतेक जण तिला हात लावत नाहीत. खाली Reduce आणि Residue असे दोन पर्याय असतात. Residue निवडून ऐकलं की काढून टाकला जाणारा आवाज तेवढाच ऐकू येतो. त्यात फक्त घरघर असेल तर ठीक. त्यात आजींच्या बोलण्याची कुजबुज ऐकू आली, तर आपण आजींना काढून टाकतो आहोत. मी 12 डेसिबल ठेवून Residue ऐकलं, तर त्यात “न्हवतो” स्पष्ट होतं. 6 वर आणलं, कुजबुज गेली. मग Residue वरून परत Reduce वर येऊन तेवढंच लावलं. थोडी घरघर राहिली. राहू दिली.

काही आवाज तर काढायचेच नसतात. जात्यावरच्या ओव्यांचा ग्राइंडमिल साँग्ज प्रोजेक्ट हा संग्रह गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केला. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. जात्याची घरघर यंत्राच्या दृष्टीने अगदी आदर्श ‘नॉइज’ आहे, एकसारखी आणि सतत. पण बाई त्या घरघरीच्या लयीवरच गात असते. नवख्याने आपल्या पहिल्या रेकॉर्डिंगमधून लोहाराचा भाता किंवा गिरणीचा पट्टा पुसण्याआधी हे आठवावं. तो आवाज नकोच असेल तर माणसाला बाजूला नेऊन बोलतं करावं.

बाकीचं काम थोडं आहे. Noise Reduction च्या आधी High-Pass Filter 80 हर्ट्झवर लावला. पाटाला लागलेला धक्का, वाऱ्याची घुमघुम असल्या तळाच्या आवाजाला तो आवरतो, आणि आजींचा आवाज त्याच्या बराच वर असतो. सगळ्यांत शेवटी Loudness Normalization उघडून उणे 16 LUFS दिलं. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस तीच आहे. फाइल मोनो असल्याने तिथली Treat mono as dual-mono ही खूण चालू ठेवली, नाहीतर मोनो फाइल ठरवल्यापेक्षा वेगळ्या पातळीवर वाजते. पातळी वर आल्यावर एखादं हसू शून्याला टेकू शकतं, म्हणून त्यानंतर Limiter उणे 1 वर. मग .mp3, मोनो, 96 केबीपीएस. 11 मिनिटांचा भाग 8 एमबीच्या आत आला. एसटीत बसून मोबाइलवर उतरवून घ्यायला तेवढा चालतो.

हा भाग प्रसिद्ध करण्याआधी मी तो तीन प्रकारे ऐकते. एकदा चांगल्या हेडफोनवर, एकदा स्वयंपाक करताना फोनच्या स्पीकरवर, कारण बहुतेक लोक तसाच ऐकणार. फोडणीच्या आवाजात वाक्यांचे शेवट कळले तर पातळी बरोबर आहे. आणि तिसरं, ज्यांची गोष्ट त्यांना.

तिसऱ्या वेळी गेले ते ऐकवायला. आजींनी फोन कानाशी धरला, शेजारी सून आणि नात बसल्या. “झोपलोच न्हवतो” आलं आणि आजींनी मान हलवली. अकरा मिनिटं पूर्ण ऐकल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “म्हशीचं कुटं गेलं गं?”

“लांबण” अशी खूण घालून मी ते कापलं होतं. चार मिनिटं होती ती. म्हैस व्यायला झाली होती, रात्रभर कुणाचा डोळा लागला नव्हता, कंदील घेऊन घरातली सगळी गोठ्यात होती, पारडू व्हायला पहाट झाली. सगळी घराबाहेर होती ती तिच्यामुळे. घर बसलं तेव्हा आत कुणीच नव्हतं.

मूळ .wav संगणकावर होती. त्याच रात्री प्रकल्प पुन्हा उघडला, “म्हैस, लांबण” या खुणेपासून चार मिनिटं उचलली, “झोपलोच न्हवतो” नंतर घातली आणि जोडाच्या जागी घराचे दोन सेकंद ठेवले. भाग 15 मिनिटांचा झाला.